विषय: शनिवारी अकरा वाजता धूर निघेल

गंगापूर रोडच्या एका गल्लीत अक्षय्य तृतीयेला पितळी भांड्यांचं छोटं दुकान सुरू झालं. एका लाइफस्टाइल ब्लॉगरला मालकीणबाईंनी स्वतःच मेल केला होता. विषय ‘कोलॅबरेशन प्रपोजल’, आत दीड पान मजकूर, सोबत फीत कापतानाचे चौदा फोटो. दोन आठवडे उत्तर नाही, मग मेल नीट लिहून घ्यायला त्या माझ्याकडे आल्या.

“ताई, नाशिकमधलं पहिलं दुकान असं लिहिलंय की!”

घोडं तिथंच अडलं होतं. ज्या गावात भांडी बाजार नावाचाच बाजार आहे, तिथं पितळेचं ‘पहिलं’ दुकान म्हटल्यावर पुढचं कोण वाचेल?

मी दुकानात गेले. मागच्या पडवीत त्यांचे सासरे एका पातेल्याला कल्हई करत होते. निखाऱ्यांवर पातेलं तापलं की ते कथलाची कांडी आतून टेकवून बघत. कांडी वितळली नाही, तर अजून थांबायचं. वितळली की नवसागराची चिमूट, भस्सकन पांढरा धूर आणि लगेच कापसाच्या बोळ्याने गोल फिरवणं. क्षणात काळपट तळ चांदीसारखा. “जास्त तापलं तर पिवळट पडतं,” म्हणाले. नजर पातेल्यावरच.

मालकीणबाईंना यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. रोजचंच ना!

नवा मेल एवढाच झाला:

“विषय: शनिवारी अकरा वाजता धूर निघेल
नमस्कार ताई, कल्हई गेलेल्या पितळेत आमटी कळकते, म्हणून बऱ्याच घरांत आजीची पातेली माळ्यावर पडून आहेत. आमच्या नव्या दुकानात माझे सासरे दर शनिवारी गिऱ्हाइकासमोर कल्हई करतात. एका पातेल्याला पंधराएक मिनिटं लागतात, धूर मात्र काही सेकंदच. पडवीत सकाळी उजेड चांगला असतो. याल का?”

फोटो एकच, अर्धं काळं अर्धं चकचकीत पातेलं. जुन्या मेलमधलं ‘अल्पावधीत लोकप्रिय’ खोडताना बाईंचा चेहरा उतरला, पण दुकानाला महिनाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “धुराच्या वेळी जवळ उभं राहता येईल?” बाईंनी आनंदाच्या भरात एक पातेलं भेट द्यायचं ठरवलं. मी सांगितलं, द्या. पण जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयच्या २०२१च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूही ब्लॉगरला उघड सांगावी लागते. “म्हणजे लेखावर जाहिरात असं येणार?” त्यांनी पातेलं परत फळीवर ठेवलं.

शनिवारी ब्लॉगर ताई आल्या, पिशवीत स्वतःच्या घरचं काळं पातेलं घेऊन. धूर निघाला तेव्हा फोन नेमका पिशवीत. सासऱ्यांनी चिमटा खाली ठेवला आणि विचारलं, “घरी अजून एखादं आहे का?”