शनिवारी चार ते पाच

विवाहसंस्थळावर ओळख झाली, फोनवर गप्पा रंगल्या आणि ती म्हणाली, "शनिवारी चारला जंगली महाराज रस्त्यावर कॉफी घेऊ. पाचला मला निघायचंय." दुसरी भेटही दुपारचीच, संभाजी उद्यानात. तिसऱ्या वेळी त्याने रात्रीच्या जेवणाचं विचारलं, तर तिने पुन्हा दुपारच सुचवली. प्रसंग कल्पित आहे, पण असा तरुण पुण्यात शोधायला लांब जावं लागणार नाही. ती जपून वागतेय की तिला फारसा रस नाही, हे कोडं त्याला पडतं.

नुसत्या वेळेवरून आणि जागेवरून ते सुटत नाही. पहिल्या भेटी चारचौघांत करा, मैत्रिणीला सांगून जा, येण्याजाण्याची सोय स्वतःची ठेवा, असं बंबल आणि टिंडर आपल्या सदस्यांना स्वतःच सांगतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात घरभर वडीलधारी माणसं असत. कॅफेत ती नसतात, त्यांची जागा गर्दी आणि दिवसाचा उजेड घेतात. आधीच ठरवलेली निघायची वेळही उपयोगी पडते, कारण माणूस खटकला तर सबब शोधावी लागत नाही. शिवाय कामाच्या पाळ्या, वसतिगृहाची वेळ, घरचा धाक ही कारणंही असतात आणि नव्या माणसाला ती सगळीच सांगितली जात नाहीत.

म्हणून कुंपणाच्या आत काय घडतं ते पाहावं. भेट रद्द करताना ती "बुधवारी साडेपाचला जमेल का?" म्हणते, की "बघू, कळवते" म्हणून थांबते? त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, हे तिच्या लक्षात राहिलं का? जपून वागणारी माणसं वेळ कमी देतात, पण त्या वेळात मनापासून असतात. ओळख वाढते तसं कुंपणही थोडं सरकतं: पाचचे साडेपाच होतात, एखाद्या भेटीला बहीण सोबत येते, ऑफिस नेमकं कुठे आहे ते कळतं. रस नसेल तर तासभराच्या भेटीतही प्रश्न त्यानेच विचारायचे आणि पुढची तारीखही त्यानेच काढायची. अर्थात एका भेटीवरून काही ठरवू नये. तीन-चार भेटींचा कल पाहावा. काही जणी सावधही असतात आणि मनाने अजून ठरलेल्याही नसतात.

"माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारून संध्याकाळसाठी आग्रह धरणं ही यातली मोठी चूक. सावध मुलीला त्यातून आणखी सावध व्हायचं कारण मिळतं. दुसरी एखादी भिडेखातर हो म्हणते, आणि त्या होकारातून तिच्या मनातलं काहीच कळत नाही. त्यापेक्षा वेळेचा मुद्दाच बाजूला काढावा: "दुपारी भेटायला मला काहीच अडचण नाही. पण आपण पुढे भेटत राहावं असं तुला वाटतं का? नाही म्हणालीस तरी चालेल." ज्या मुलीला भेटायचं असतं, ती बहुधा याचं उत्तर पुढच्या शनिवारसकट देते. दोनदा विचारूनही "बघू"च आलं, तर त्याने तिसऱ्यांदा विचारू नये.