छेद न लिहिलेला निकाल

एप्रिल लागला की आमच्या डोंबिवलीत सोसायट्यांच्या फलकांवर शिकवण्यांची पत्रकं लागतात. 'सर्व बोर्ड, सर्व विषय, वैयक्तिक लक्ष, १०० टक्के निकाल.' माझंही पत्रक बरीच वर्षं असंच होतं. मी आठवी ते दहावीला घरी गणित शिकवते. एका बाईंनी ते पत्रक हातात धरून विचारलं, "शंभर टक्के म्हणजे किती मुलांपैकी?" मी म्हटलं, चार. "आणि दिवाळीनंतर सोडून गेलेली ती दोघं धरून?" ती दोघं मी धरली नव्हती. गणित शिकवणाऱ्या बाईने छेदच लिहिला नव्हता.

त्या मे महिन्यात पत्रक नव्याने लिहायला बसले आणि पहिला हात 'सर्व बोर्ड' या शब्दांना लागला. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात. भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे. उरलेले २० गुण अंतर्गत, ते शाळा देते. सीबीएसईत ८० गुणांचा एकच पेपर, तोही 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' अशा दोन पातळ्यांचा. आपल्या मुलाने यातला कोणता निवडलाय, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. आशयही वेगळा. आपल्याकडे दोन चलांतली समीकरणं निश्चयकाने, म्हणजे क्रेमरच्या पद्धतीने सोडवायला लागतात, ती सीबीएसईच्या दहावीत नाही. वर्तुळाच्या प्रकरणात आपल्याकडे चक्रीय चौकोन, छेदिका असं बरंच काही येतं, तर तिथे दहावीला फक्त स्पर्शिका. आयसीएसईत मॅट्रिक्स असतात. एकाच माणसाला हे सगळं शिकवता येणार नाही असं नव्हे, पण तिन्ही मंडळांच्या प्रश्नपत्रिकांचा सारखाच सराव असलेला शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून मी लिहिलं, 'राज्य मंडळ, मराठी माध्यम व सेमी. सीबीएसईची आजवर तीनच मुलं शिकवली आहेत. आयसीएसई घेत नाही.' विज्ञान काढून टाकलं. ते मी पुस्तक वाचून शिकवत होते आणि मुलांना ते कळत होतं.

खरी अडचण निकालाची होती. 'सगळी पास' या वाक्याला किती वजन द्यायचं, हे राज्याच्या आकड्यांशेजारी ठेवलं की समजतं. दहावीचा राज्याचा निकाल २०२३ मध्ये ९३.८३ टक्के लागला, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१०. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलं एरवीही पास होतात. २०२१ ला तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या वर्षीचा 'शंभर टक्के' पत्रकावर मिरवणारे अजून दिसतात.

मग टक्केवारी लिहावी का? तीही फसवते. राज्य मंडळात सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढतात. गणितात ४१ मिळालेल्या मुलाचं गणित त्यातून सहज गळून पडतं आणि गुणपत्रिकेवर ८६ टक्के दिसतात. गणिताच्या शिकवणीने ते ८६ आपल्या नावावर लावायचे म्हणजे कमालच. पालकांनी त्या विषयाचे गुण मागावेत, आणि त्यातलेही लेखी गुण वेगळे काढून मागावेत. अंतर्गत वीसपैकी बहुतेक मुलांना सतरा-अठरा मिळतातच आणि त्यात शिकवणीचा हात फारसा नसतो.

माझ्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. नववीच्या वार्षिक परीक्षेत त्याला गणितात ६१ होते, दहावीत ७८ आले. पत्रकावर '६१ वरून ७८' छान दिसलं असतं. मी अंतर्गत गुण बाजूला काढले. लेखी राहिले नववीत ४३ आणि दहावीत ५९. सोळा गुणांची वाढ, म्हणजे चांगलीच. मग तेही भागवार मांडून पाहिलं. बीजगणित १७ वरून ३२ वर गेलं होतं. भूमिती २६ वरून २७. वर्षभर आठवड्याला तीन दिवस शिकवून भूमितीत एक गुण!

याचं कारण माझ्या पद्धतीत होतं. नवीन मूल आलं की पहिले दोन दिवस मी काहीच शिकवत नाही. पूर्णांक, अपूर्णांक, कंस सोडवणे अशी पाचवी ते आठवीची वीस उदाहरणं देते आणि ते कुठे अडखळतं ते बघते. या मुलाने 2x² − 7x + 6 = 0 हे वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना b² च्या जागी −49 लिहिलं. सूत्र त्याला तोंडपाठ होतं. −7 चा वर्ग करताना चिन्हही वर्गात जातं, हे सातवीपासून राहून गेलं होतं. 49 − 48 करून 1 मिळाला असता आणि उत्तरं 2 व 3/2 आली असती. त्याच्याकडे −97 आले आणि त्याने 'मुळे वास्तव नाहीत' असं ठामपणे लिहून टाकलं. अशी प्रत्येक चूक एका वेगळ्या वहीत जाते, तारीख आणि कारणासकट, आणि दर शनिवारी त्याच जातीचं नवं उदाहरण मिळतं. बीजगणितातल्या चुका या जाळ्यात सापडतात. भूमितीची सिद्धता मात्र चुकत नाही, ती सुचतच नाही. कोणता त्रिकोण घ्यायचा हेच न सुचलेल्या मुलाच्या वहीत चूक म्हणून काय लिहिणार? कोरी जागा वहीत चढत नव्हती.

हे सगळं नव्या पत्रकात आलं. निकालाचा भाग असा आहे : 'मागच्या तीन वर्षांत दहावीची १२ मुलं आली. एक गाव बदलल्यामुळे गेलं, दोघांनी सहामाहीनंतर फरक पडत नाही म्हणून सोडलं. परीक्षेला बसलेल्या नऊ जणांचे लेखी ८० पैकी गुण : दोघांना ६४ च्या वर, चौघांना ४८ ते ६३, दोघांना ३२ ते ४७, एकीला २७. पहिल्या दोघांना नववीतही साठाच्या वरच होते. बीजगणितात बहुतेकांची वाढ दिसते, भूमितीत कमी. सिद्धता शिकवण्याची माझी पद्धत अजून बसलेली नाही.' खाली, मी कोणत्याही शाळेत नोकरीला नाही, हेही लिहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, तेव्हा पालकांनी हा प्रश्न विचारायला संकोचू नये.

या तुलनेलाही मर्यादा आहे. नववीचा पेपर शाळा काढते, दहावीचा मंडळ, त्यामुळे ४३ आणि ५९ एकाच काट्यावर तोललेले नाहीत. शिवाय नऊ मुलांवरून फार काही सिद्ध होत नाही. आणि खोटं लिहिलं तर विचारणारं कोण? क्लासच्या फसव्या जाहिरातींबद्दल केंद्राने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्यांना लागू. माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या आहेत.

पत्रक लावल्यावर पहिल्या वर्षी चौकश्या कमी झाल्या. एका वडिलांनी फोन करून, "तुम्हीच म्हणता भूमिती जमत नाही, मग कशाला पाठवू?" असं विचारलं आणि ठेवून दिला. त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या मुलीला भूमितीच हवी होती. सध्या सिद्धता शेवटच्या ओळीकडून उलट मांडायला लावून बघते आहे. यंदा दहावीला पाच मुलं होती, त्यातल्या एकीने ऑगस्टमध्ये शिकवणी सोडली. पुढच्या पत्रकात छेद पाचच असेल.