किती मागवायचं आणि कधी मागवायचं

मागच्या वेळी आपण साठ्याचं वर्गीकरण पाहिलं. आज दोनच प्रश्न घेऊ: एका वेळी किती माल मागवायचा आणि तो कधी मागवायचा. दिसायला हे प्रश्न जुळे वाटतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

एक छोटा पंपांचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. उदाहरण आपलं, आकडे सोयीचे. वर्षाला ३६०० बेअरिंग लागतात, एकाची किंमत २०० रुपये. प्रत्येक ऑर्डरमागे टेम्पोचं भाडं, माल उतरवणं, तपासणी, कागदपत्रं असे ४५० रुपये जातात. खरेदी विभागातल्या माणसाचा पगार यात धरायचा नाही. कारण ऑर्डर एक कमी दिली म्हणून त्याचा पगार कमी होत नाही. ऑर्डर वाढली की जो खर्च वाढतो, तेवढाच धरायचा.

आता साठवणुकीचा खर्च. बँकेचं व्याज १२ टक्के; जागा, विमा, गंज, खराबी मिळून ६ टक्के. म्हणजे २०० रुपयांवर १८ टक्के, एका बेअरिंगला वर्षाला ३६ रुपये.

मोठी ऑर्डर दिली तर टेम्पोच्या खेपा कमी होतात, पण पैसा मांडणीवर पडून राहतो. छोटी दिली तर उलटं. मधला बिंदू काढण्याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९१३ साली मांडलं. वर्षाचा वापर गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एका नगाचा वार्षिक साठवण खर्च; आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. आपल्या उदाहरणात ९०,००० चं वर्गमूळ, म्हणजे ३०० नग. हीच इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, ईओक्यू.

पडताळून बघू. ३०० ची ऑर्डर म्हणजे वर्षात १२ खेपा, खर्च ५४०० रुपये. साठा ३०० वरून शून्यावर येतो, म्हणजे सरासरी १५० नग. त्यांचा साठवण खर्चही ५४००. एकूण १०,८००. आता ३०० ऐवजी ४०० मागवा. खेपा ९, खर्च ४०५०. सरासरी साठा २००, खर्च ७२००. एकूण ११,२५०. म्हणजे ऑर्डर एक तृतीयांशानं चुकली, तरी वर्षाला फक्त ४५० रुपये जास्त! या वक्राचा तळ परातीसारखा पसरट असतो. त्यामुळे पेटीत १०० नग येत असतील तर पूर्ण पेट्याच मागवा. नेमक्या आकड्यामागे लागू नका.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, ६०० घेतले तर व्यापारी एक टक्का सूट देतो. मग?)

घ्या! ६०० ला दोन्ही खर्च मिळून १३,५०० होतात, म्हणजे २७०० जास्त. सूट मात्र नगामागे २ रुपये, वर्षाला ७२०० रुपये. सूत्र किंमत कायम धरतं, त्याला सूट दिसतच नाही. ती आपण वेगळी तपासायची. फक्त एवढी रक्कम हातात आहे का आणि माल तोवर टिकेल का, ते बघा.

आता ‘कधी’. इथे मात्र चूक माफ नाही. ३०० कामाचे दिवस धरले तर रोज १२ बेअरिंग लागतात. ऑर्डर दिल्यापासून माल यायला ८ दिवस लागतात. म्हणजे ९६ उरले की ऑर्डर द्यायची? सगळं सरासरीनं झालं तरच. कधी रोज १६ लागतात, कधी माल १२ दिवसांनी येतो. दोन्ही एकदम झालं तर १९२ लागतील. एका बेअरिंगवाचून पंप जुळत नाही, आणि मजुरी चालूच राहते. म्हणून रीऑर्डर लेव्हल १९२ ठेवू. त्यातले जादा ९६ म्हणजे राखीव साठा. तो वर्षाला ३४५६ रुपये खातो. काम थांबण्याचा एका वेळचा फटका आणि तसं वर्षात किती वेळा होतं, याच्याशी हा आकडा ताडून बघा.

संगणकाशिवायही हे जमतं. दोन डबे ठेवा. दुसऱ्यात १९२ नग घालून तो बंद करा. पहिला रिकामा झाला, दुसरा उघडला, की त्याच दिवशी ऑर्डर. नवा माल आला की आधी दुसरा डबा पुन्हा १९२ पर्यंत भरायचा, उरलेला पहिल्यात.

आणि एक सवय लावा: नवा माल दारात येईल तेव्हा शिल्लक किती होती, ते वहीत लिहा. सरासरी ९६ च्या आसपास असेल तर गणित बरोबर आहे. प्रत्येक वेळी दीडशे उरत असतील तर पातळी खाली आणा. वारंवार दहा-वीसच उरत असतील, तर वापर वाढलाय किंवा माल उशिरा येतोय. माल संपण्याआधीच हे कळतं, ते या एका नोंदीमुळे.