आजीच्या पोटातली नात

शाहूवाडीच्या पश्चिम अंगाला, आंब्याकडे, पावसाळ्यात बायका गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावण करतात. समजा, साठेक वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एकीला पाचवा महिना होता आणि पोटात मुलगी होती. वीतभर लांबीच्या त्या मुलीच्या शरीरात त्या वेळी साठ-सत्तर लाख बीजांडं तयार होती. बीजांडांचा एवढा मोठा साठा तिच्याजवळ पुन्हा कधीच नसणार. जन्मापर्यंतच तो दहा-वीस लाखांवर येतो. पुढे पंचवीस वर्षांनी त्यातल्याच एका बीजांडापासून तिला लेक झाली. म्हणजे लावणीच्या त्या दिवशी आजी, आई आणि नात, तिघी एकाच देहात होत्या.

आजी तेव्हा अर्धपोटी राहिली असेल, तर आज नातीची उंची त्यानं कमी भरेल का?

आधी एकाच पिढीपुरतं पाहू. उंची आईबापांच्या जनुकांतून येते, हे खरंच आहे. मग त्यात आईच्या शरीराचा वाटा वेगळा कसा काढायचा? केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याची सुंदर युक्ती आहे. त्यांनी थोराड शायर घोडे आणि ठेंगणी शेटलंड तट्टं यांचा कृत्रिम रेतनानं दोन्ही बाजूंनी संकर केला. काही शिंगरांची आई शायर आणि बाप शेटलंड होता, तर काहींची आई शेटलंड आणि बाप शायर. जनुकांची शिदोरी दोन्हीकडे जवळपास सारखीच. तरी शायर आईच्या पोटची शिंगरं जन्मतः दुसऱ्यांच्या सुमारे तिप्पट वजनाची निघाली, आणि मोठेपणीही हा फरक पूर्ण बुजला नाही. आईच्या शरीरानं जेवढी जागा आणि जेवढं पोषण दिलं, तेवढीच वाढ शिंगरानं घेतली.

माणसांत असा संकर घडवून पाहता येत नाही. तिथे बायकांच्या ताटाकडे आणि बाळांच्या मापांकडे वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ पासून नेमकं हेच केलं. बाईला दिवस जाण्याआधीच तिची उंची-वजन मोजायचं, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिनं काय खाल्लं ते बारकाईनं टिपायचं, आणि बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी, डोकं, दंड, पोट, सगळं मोजायचं. या बायकांची उंची सरासरी १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास होतं. गरोदरपणात त्यांच्या पोटात दिवसाला जेमतेम १,८०० कॅलरी जात होत्या, आणि शेतातली, पाण्याची कामं चालूच होती. बाळं सरासरी २.७ किलोची झाली; इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती.

मला सर्वांत थक्क करतं ते या बाळांचं शरीर. उपाशी बाळ सगळीकडून सारखंच लहान असेल असं वाटतं, पण तसं नव्हतं. त्यांचं पोट आणि दंड फारच बारीक होते, लांबी त्यामानानं कमी घटली होती, आणि पाठीच्या त्वचेखालची चरबी तर जवळजवळ शाबूत होती. गर्भानं मिळालेल्या पोषणाची वाटणी केली होती: स्नायू आणि पोटातले अवयव यांच्यावर काटकसर, हाडांवर थोडी कमी, चरबी राखून. ताटांच्या नोंदींतूनही अनपेक्षित गोष्ट निघाली. नुसत्या कॅलरी किंवा प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. आणि अठराव्या आठवड्यात ज्यांच्या जेवणात स्निग्ध पदार्थ जास्त, त्यांच्या बाळांची लांबीही जास्त होती.

आता नातवंडं. इथे सर्वांत भक्कम पुरावा ग्वाटेमालातून येतो. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत रोज सर्वांसाठी एक पेय ठेवलेलं असे. दोन खेड्यांत ‘अतोले’, म्हणजे दुधाची भुकटी घातलेलं, प्रथिनं असलेलं दाटसर पेय. बाकीच्या दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’, म्हणजे प्रथिनं नसलेलं गोड सरबत. गरोदर बायका आणि लहान मुलं दोघंही ते पीत. अतोलेवाल्या गावांतली मुलं तीन वर्षांची होईतो फ्रेस्कोवाल्या गावांतल्या मुलांपेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटरनी उंच झाली होती. पुढे त्या मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, आणि संशोधकांनी तीही मोजली. ज्यांच्या आया लहानपणी अतोले प्यायल्या होत्या, ती मुलं जन्मतः ११६ ग्रॅमनी जड आणि पुढे १.३ सेंटिमीटरनी उंच निघाली. अतोले प्यायलेल्या मुलग्यांच्या मुलांत मात्र काहीच फरक नव्हता!

या शेवटच्या वाक्यापाशी थांबायला हवं. अन्नाचा परिणाम लेकीकडून नातवंडांपर्यंत गेला, लेकाकडून गेला नाही. बीजांडावर उमटलेल्या रासायनिक खुणांमुळे असं होऊ शकतं, आणि तशा खुणा प्राण्यांत दिसल्याही आहेत. पण माझ्या मते साधा मार्गच जास्त बळकट आहे. लहानपणी नीट पोसलेल्या मुलीचा बांधा मोठा होतो, गर्भाशय आणि रक्तपुरवठा चांगला राहतो, आणि शायर घोडीसारखी ती आपल्या बाळाला जास्त जागा देऊ शकते. आजीची उपासमार नातीपर्यंत पोहोचते ती मुख्यतः मधल्या मुलीच्या हाडामासातून.

तरी उंच आईचं बाळ मोठं असलं की श्रेय लगेच गर्भाला देऊ नये. आईच्या जनुकांपैकी निम्मीच बाळाकडे जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर युरोपातल्या मायलेकरांत, उंचीची जी जनुकं बाळाला मिळालीच नाहीत, त्यांचा बाळाच्या आकाराशी संबंध तपासला. जन्माच्या वेळची लांबी आणि वजन बहुतांशी बाळाला मिळालेल्या जनुकांनीच ठरत होतं. आईची स्वतःची उंची प्रामुख्यानं गर्भ किती दिवस टिकतो यावर परिणाम करत होती. पण त्या आया पोटभर जेवलेल्या होत्या. गर्भाचा पुरवठा तोकडा नसेल, तिथे जनुकंच उठून दिसणार.

मग एका गरोदरपणात चांगलं खायला घालून हा फेरा तुटतो का? मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून हजारो बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला: एका गटाला पालेभाज्या, फळं, दूध घातलेला, दुसऱ्याला कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सरसकट पाहिलं तर बाळाच्या वजनात ठोस फरक पडला नाही. पहिल्या गटात ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली, त्यांची बाळं दुसऱ्या गटातल्या तशाच बायकांच्या बाळांपेक्षा ४८ ग्रॅमनी जड होती. आणि अगदी कृश बायकांच्या बाळांना काहीच फायदा दिसला नाही. फायदा दिसला तो अंगानं जरा भरलेल्या बायकांच्या बाळांत. वर्षानुवर्षं पोखरलेलं शरीर आलेलं अन्न आधी स्वतःसाठी वापरत असावं, असा याचा एक अर्थ लागतो.

पुण्याच्या त्याच खेड्यांत तर पुढचा प्रयोग बाळंतपणाच्या कितीतरी आधी सुरू केला. १९९३ नंतर जन्मतः ज्यांची मापं घेतली होती, त्या मुला-मुलींना सतराव्या वर्षाच्या सुमारास, २०१२ पासून, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी देण्यात आली. काहींच्या गोळीत इतर सूक्ष्म पोषकंही होती, तर काहींना तुलनेसाठी बी-१२ नसलेली गोळी मिळाली. मुलींनी ती आई होईपर्यंत घ्यायची होती. बी-१२ घेतलेल्या मुलींच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात बी-१२ जास्त आढळलं. त्या खेड्यांत आता आजी, आई आणि नातवंडं, तिन्ही पिढ्यांची मापं नोंदलेली आहेत.