खाटेखालची बाटली

छातीत नळी टाकलेल्या रुग्णाला भेटायला येणाऱ्यांची नजर हमखास खाटेखाली जाते. तिथे पाण्याची एक बाटली असते आणि छातीतून आलेल्या नळीचं टोक त्या पाण्यात बुडालेलं असतं. वॉर्डात हिला ‘आयसीडी’ म्हणतात. हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाउ या डॉक्टरांनी 1870च्या दशकात छातीत पू झालेल्या रुग्णांसाठी ही युक्ती वापरली होती.

समजा, विशीतल्या एका उंच, सडपातळ मुलाच्या फुप्फुसावरचा बारीकसा फोड फुटला. हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत शिरते. तिथला दाब एरवी बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो आणि त्या ओढीनंच फुप्फुस फुललेलं राहतं. हवा शिरली की ते आक्रसतं. नुसतं भोक पाडून हवा सोडावी, तर पुढच्या श्वासाला बाहेरचीच हवा आत जाईल.

म्हणून काखेखालून नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवतात, तेही फक्त 2 सेंटिमीटर. मुलगा खोकला की आतली हवा तेवढं पाणी सहज ढकलते, बुडबुडे होऊन बाटलीत येते आणि झाकणाच्या उघड्या तोटीतून निघून जाते. श्वास घेताना छाती नळीतून ओढते खरी, पण टोक पाण्याखाली असल्यानं हवेऐवजी पाणीच वर चढतं. शांत श्वासाला ते काही सेंटिमीटरच चढतं, मोठ्या श्वासाला बरंच जास्त. बाटली छातीपासून जवळपास मीटरभर खाली ठेवतात ती यासाठीच. ती कुणी उचलून छातीच्या वर धरली, तर पाणी सरळ आत जाईल.

छातीतलं पाणी किंवा रक्त मात्र त्याच बाटलीत साठतं आणि तिथे घोळ होतो. बाटलीच्या तळाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर असेल आणि 600 मिली रक्त आलं, तर पातळी 6 सेंटिमीटरनं चढते. आता नळी 8 सेंटिमीटर खोल बुडालेली असते, म्हणजे हवेला बाहेर पडायला चौपट जोर हवा. अशा वेळी साठवणीची एक वेगळी बाटली मध्ये जोडतात, म्हणजे पाण्याच्या बाटलीतली पातळी हलत नाही.

नर्स नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय का, ते बघते. ते थांबलं, तर एक तर फुप्फुस पुरतं फुललेलं असतं, नाही तर नळी कुठेतरी दुमडलेली किंवा तुंबलेली असते. मुलगा निवांत असेल आणि एक्स-रे चांगला असेल, तर पहिलं कारण. धाप लागली, तर आधी त्याच्या अंगाखाली नळी दबली आहे का, ते बघायचं. बुडबुडे चालू असताना नळीला चिमटा लावणं सर्वांत धोक्याचं. गळती चालूच राहते, हवा कोंडते आणि दाब थेट हृदयावर येतो.

त्या मुलाचे बुडबुडे दुसऱ्या दिवशी फक्त खोकताना येत होते. तिसऱ्या दिवशी खोकल्यावरही आले नाहीत. एक्स-रेत फुप्फुस भिंतीला टेकलेलं दिसलं आणि मग नळी काढली.