पोटात साखर, पण पेशी तुंबलेली

१९३० साली ॲमस्टरडॅममध्ये सात महिन्यांची एक मुलगी दगावली. शवविच्छेदन योहानेस पॉम्पे या तरुण डॉक्टरने केलं. तिचं हृदय प्रमाणाबाहेर मोठं झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर हृदयाच्या स्नायूची जाळी झालेली दिसली, आणि त्या जाळीच्या पोकळ्यांत ग्लायकोजेन ठासून भरलेलं होतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर. पॉम्पेने १९३२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. पुढे तो नाझींविरुद्धच्या चळवळीत सामील झाला आणि युद्ध संपायला काही आठवडेच उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याला सापडलेल्या रोगाचं कारण तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

कोडं असं होतं. ग्लायकोजेन फोडून साखर मोकळी करणारी एन्झाइम्स या मुलांच्या पेशींत अगदी ठणठणीत असतात. म्हणूनच त्यांच्या रक्तातली साखर उपाशीपोटीही घसरत नाही. मग ग्लायकोजेन साचतं कुठे, आणि का?

याचं उत्तर बेल्जियममधल्या लुव्हाँ विद्यापीठातून आलं, तेही वेगळ्याच वाटेने. क्रिस्तियाँ द द्यूव्ह तिथे १९४९ मध्ये उंदराच्या यकृतावर इन्शुलिनसंबंधी प्रयोग करत होते. तुलनेसाठी ते आम्ल फॉस्फटेझ नावाचं एक साधं एन्झाइमही मोजत. यकृत हलक्या हाताने वाटलं, तेव्हा या एन्झाइमचं काम अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवून काही दिवसांनी पुन्हा मोजले, तर आकडा चढलेला! दुसरा कुणी असता तर पहिलं मोजमाप चुकलं म्हणून सोडून देता. द द्यूव्ह यांनी मात्र मूळ विषय बाजूला ठेवला आणि याच्याच मागे लागले. एन्झाइम एका पातळ पडद्याच्या पिशवीत बंद होतं. ताज्या नमुन्यात पिशव्या शाबूत होत्या, फ्रिजमध्ये राहून त्या फुटल्या होत्या. १९५५ मध्ये या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळालं.

आज लायसोसोममधली पचनाची साठेक एन्झाइम्स माहीत आहेत. प्रथिनं, चरबी, साखरेच्या साखळ्या, डीएनए असं ज्याला त्याला फोडणारं एन्झाइम तिथे असतं. पडद्यावरचे पंप ऊर्जा खर्चून आत सतत आम्ल भरत राहतात. त्यामुळे आतला पीएच ४.५ ते ५ राहतो, बाहेरच्या पेशीद्रवाचा मात्र ७.२ असतो. म्हणजे आतलं आम्ल काही शे पट तीव्र. ही एन्झाइम्स त्या आंबट वातावरणातच नीट चालतात. एखादी पिशवी गळली, तरी बाहेर आलेली एन्झाइम्स बरीचशी लुळी पडतात, आणि पेशी लगेच स्वतःला पचवून टाकत नाही.

आता पिशवीत माल येतो कसा, ते पाहू. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया जुन्या होतात, बिघडतात. धडधाकट मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर विद्युतदाब असतो, आणि पिंक-१ नावाचं प्रथिन त्या दाबाच्या जोरावर आत ओढलं जाऊन नष्ट होतं. दाब उतरला, की पिंक-१ बाहेरच्या पृष्ठभागावर साचतं. ते पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, पार्किन त्या मायटोकॉन्ड्रियावर खुणा चिकटवतं, आणि भोवती दुहेरी पडदा वाढत जाऊन तिची पुरती गुंडाळी होते. ही गुंडाळी लायसोसोमला जाऊन मिळते आणि आतल्या मालाचे सुटे घटक होऊन पेशीत परत येतात. पिंक-१ किंवा पार्किनच्या जनुकात दोष असेल तर तरुण वयातच पार्किन्सन होतो.

या स्वभक्षणाला ऑटोफॅजी हे नाव १९६३ मध्ये द द्यूव्ह यांनीच दिलं. त्यामागची जनुकं मात्र योशिनोरी ओसुमी यांना जपानमध्ये यीस्टच्या पेशींत १९९०च्या दशकात सापडली. २०१६चं नोबेल त्यासाठीच होतं.

पेशी उपाशी असली की अशी गुंडाळी नेम धरून होत नाही. पेशीद्रवाचा एखादा तुकडाच्या तुकडा उचलला जातो, आणि त्यात ग्लायकोजेनचे कणही येतात. इथे पॉम्पेचं कोडं सुटतं. १९६३ मध्येच, त्याच लुव्हाँमध्ये, आंरी-जेरी हेर्स यांनी दाखवलं की या मुलांत आम्ल अल्फा-ग्लुकोसिडेझ नसतं. लायसोसोममध्ये शिरलेलं ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम तेवढं एकच. बाहेरच्या ग्लायकोजेनला हात लावणारी एन्झाइम्स शाबूत असली तरी पडद्याआड त्यांचा काही इलाज चालत नाही. पिशवी भरत जाते, फुगते, आणि स्नायूचे धागे बाजूला सारते.

समजा, तीन महिन्यांचं बाळ दवाखान्यात आणलं आहे. मान धरत नाही, उचललं की हातापायांत जोर नाही, दूध पिताना धाप लागते, जीभ मोठी. क्ष-किरणात हृदय छाती व्यापून बसलेलं, ईसीजीतल्या लाटा अवाढव्य उंच, रक्तात सीपीके वाढलेलं. सैल अंग आणि मोठं हृदय ही जोडी दिसली की पॉम्पेची शंका घ्यायलाच हवी. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही एन्झाइम मोजता येतं. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींत तसंच काम करणारं दुसरं एक एन्झाइम असतं, आणि ते खोटा दिलासा देऊ शकतं. म्हणून चाचणीत अकार्बोज घालून त्याला गप्प करतात. हेच अकार्बोज मधुमेहाच्या गोळ्यांत असतं. पक्कं निदान जनुकतपासणीने होतं. आईवडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतात, स्वतः मात्र निरोगी. प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक.

उपचार न मिळाल्यास अशी बहुतेक मुलं वर्षाच्या आत जातात. २००६ पासून प्रयोगशाळेत बनवलेलं एन्झाइम शिरेतून देता येतं. ते लायसोसोमपर्यंत पोहोचतं, कारण त्यावर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण असते आणि पेशीच्या पृष्ठभागावर ती ओळखणारे ग्राहक असतात. हृदय काही महिन्यांत आटोपशीर होतं, हे या उपचाराचं मोठं यश. हातापायांचे स्नायू तितके दाद देत नाहीत. तिथे ग्राहक कमी असतात, आणि भरलेल्या लायसोसोमकडे जाणाऱ्या गुंडाळ्या न पचता धाग्यांच्या मधोमध साचून राहतात. आलेलं एन्झाइमही त्या ढिगात अडकतं. ढीग एकदा माजला की उपसणं कठीण. तैवानमध्ये २००५ पासून नवजात बाळांची तपासणी होते, आणि तिथे पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झालेली मुलं चालू लागली, याचं एक कारण हेच.

काही मुलांचं शरीर हे एन्झाइम मुळीच बनवत नाही. त्यांना बाहेरचं एन्झाइम परकं वाटतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्यांची प्रतिकारशक्ती आधी दाबावी लागते. शिवाय शिरेतून दिलेलं हे एन्झाइम मेंदूत शिरत नाही.

उरतो खर्च. मूळ मात्रा दर दोन आठवड्यांनी किलोमागे २० मिलिग्रॅम, आणि एका कुपीत ५० मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला एका वेळी दोन कुप्या लागतात, तेच मूल वीस किलोचं झालं की आठ, आणि हे जन्मभर. भारताच्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णाला कमाल ५० लाखांची मदत मिळते. मूल जितकं चांगलं वाढेल तितकी ती रक्कम लवकर संपते.