मैदानावरची जीभ (भाग तिसरा) : शिवी कोणती, यावरून शिक्षा

आपल्या सुलतानपुरात टेनिस बॉलची मॅच रंगली की यष्टिरक्षक बोलतच असतो. "घरी जायची घाई आहे का रे? बस गेली तुझी!" फलंदाज चिडतो, उंच फटका मारतो आणि झेल जातो. हे चालतं. टोमणा खेळावर आहे, फटक्यावर आहे. मग कुठे थांबायचं? त्यासाठी सिडनीचा खटला पाहू.

जानेवारी 2008, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. हरभजनसिंग आणि सचिन तेंडुलकर खेळपट्टीवर होते. हरभजनने ब्रेट लीच्या पार्श्वभागावर बॅटने थोपटलं, ते अँड्र्यू सायमंड्सला खटकलं आणि तो हरभजनवर तुटून पडला. हरभजनने उलट काहीतरी सुनावलं. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं, तो सायमंड्सला 'माकड' म्हणाला. सायमंड्सचे पूर्वज कॅरेबियन वंशाचे, आणि तीनच महिने आधी वानखेडेवर काही प्रेक्षकांनी त्याला माकडाच्या नकला करून डिवचलं होतं. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी वंशद्वेषाच्या कलमाखाली तीन कसोटींची बंदी घातली.

भारताने अपील केलं. हरभजनची बाजू मांडली नागपूरचे ज्येष्ठ वकील व्ही. आर. मनोहर यांनी. न्यायाधीश होते न्यूझीलंडचे जॉन हॅन्सन. पंचांनी काही ऐकलेलं नव्हतं. यष्टीजवळच्या मायक्रोफोनमध्ये वादावादी होती, पण नेमका तो शब्द नव्हता. सचिनने साक्ष दिली की हरभजनने आईवरून शिवी हासडली. आरोप जितका गंभीर तितका पुरावा भक्कम हवा, आणि 'माकड' हा शब्द तसा सिद्ध झाला नाही. उरली साधी शिवीगाळ. बंदी उठली, मानधनाच्या 50 टक्के दंड झाला. हरभजनच्या आधीच्या शिक्षांची पूर्ण नोंद न्यायाधीशांपुढे आलीच नव्हती, हे नंतर उघड झालं.

आपल्याकडे आईवरची शिवी डोकी फोडायला पुरेशी असते, तिथे ती किरकोळ ठरली याचं नवल वाटेल. पण नियमाचा रोख वेगळा आहे. अशी शिवी कुणालाही देता येते. वंशावरची शिवी समोरच्याच्या जन्मावर बोट ठेवते. मला हा फरक पटतो. आईवरच्या शिवीला मात्र मी माफ करणार नाही.

गावच्या सामन्यात सामनाधिकारी नसतो, पण कायदा असतो. चिथावणीसाठी मुद्दाम अपमान केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 352 लागू शकतं. अनुसूचित जाती-जमातीच्या खेळाडूला त्या वर्गाबाहेरच्या कुणी सर्वांसमक्ष जातीवाचक शिवी दिली, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. प्रेक्षकांनी वेढलेलं मैदान म्हणजे 'सर्वांसमक्ष'च. "रागाच्या भरात बोललो, मॅच होती" एवढं म्हणून सुटका होईल, असं गृहीत धरू नये. जातीवाचक शिवीच्या या गुन्ह्याला किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड आहे.